चुकीच्या रंगाचा उंट, कडेचं प्यादं आणि कोपऱ्यातलं घर: जिंकलेला डाव बरोबरीत का सुटतो

तालुक्याच्या रॅपिड स्पर्धेत, शाळेच्या व्हरांड्यात किंवा पारावर मांडलेल्या पटावर हा बिघाड पुन्हा पुन्हा दिसतो. एका बाजूला राजा, उंट आणि एक प्यादं आहे, दुसऱ्या बाजूला नुसता राजा. बघणारे डाव संपला असं धरून उठायला लागतात, आणि तासाभरानं गुणतक्त्यावर दोघांच्याही नावापुढे अर्धा गुण लागतो. उलट प्रकारही तितकाच होतो. डाव बरोबरीचा असतो, पण नुसता राजा उरलेला पोरगा हार मानून हात पुढे करतो. दोन्हीकडे अर्धा गुण उगाच जातो आणि कारण एकच असतं: कोपऱ्यातल्या घराचा रंग कोणी बघितलेला नसतो.

पटावर अक्षरं इंग्रजीत छापलेली असतात. इथे ती उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत, म्हणजे उजव्या कडेची पट्टी एच आणि त्या पट्टीतलं शेवटचं घर एच८. उदाहरणांत पांढऱ्याकडे उंट आणि एच पट्टीतलं प्यादं आहे, काळ्याकडे फक्त राजा. बाकीचे तीन कोपरे यावरूनच समजतील.

लक्षणं

पहिलं लक्षण म्हणजे प्यादं अगदी कडेच्या पट्टीत असतं, ए किंवा एच. बी पासून जी पर्यंतच्या पट्ट्यांत हा बिघाड होत नाही, तिथे उंट कोणत्याही रंगाचा असला तरी सहसा डाव जिंकता येतो.

दुसरं लक्षण, समोरचा राजा कोपऱ्याच्या दोन-तीन घरांतच फिरत राहतो. एच८, जी८, पुन्हा एच८. तुम्ही उंटानं शह देता, तो कोपऱ्यात जातो. तुम्ही राजा जवळ आणता, तो तिथून हलतच नाही. दहा-पंधरा खेळ्या होतात, पण चित्र तेच राहतं.

तिसरं लक्षण सगळ्यात जास्त झोंबतं. तुम्ही उंट आणि राजा अगदी योग्य वाटणाऱ्या घरांवर आणता, समोरचा पटाकडे बघतो आणि म्हणतो, "मला चालच नाही." शह नाही आणि चालही नाही, म्हणजे स्टेलमेट, डाव बरोबरीत. हे चित्र एकदा नीट बघून घ्या, आधी संगणकात चिकटवता येईल अशा ओळीत, मग शब्दांत:

```
7k/8/4B1KP/8/8/8/8/8 b - - 0 1
```

पांढरा राजा जी६, उंट ई६, प्यादं एच६. काळा राजा एच८, चाल काळ्याची. जी८ उंटानं धरलंय, जी७ राजा आणि प्यादं दोघांनी, एच७ राजानं. काळ्याला जायला जागा नाही, पण तो ज्या घरात बसलाय त्या एच८ वर कोणाचाच मारा नाही. सगळा बिघाड या एका घरात आहे.

आधी पट बघा, मग उंट बघा

ही तपासणी पाच सेकंदांची, तरी तीच सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. प्यादं ज्या घरात जाऊन वजीर होणार त्या घराचा रंग बघा आणि आपला उंट कोणत्या रंगावर चालतो ते बघा. दोन्ही रंग सारखे असतील तर उंट बरोबर आहे आणि डाव जिंकता येतो. वेगळे असतील तर उंट चुकीच्या रंगाचा, आणि पुढच्या सगळ्या तपासण्या कराव्या लागतील.

नीट मांडलेल्या पटावर एच८ काळं असतं. म्हणून एच पट्टीतल्या पांढऱ्या प्याद्याला काळ्या घरांवरचा उंट लागतो. ए८ पांढरं असतं, म्हणून ए पट्टीतल्या पांढऱ्या प्याद्याला पांढऱ्या घरांवरचा उंट लागतो. काळ्याची प्यादी खाली येतात, त्यामुळे त्यांचं उलटं होतं: ए१ काळं आणि एच१ पांढरं. हे पाठ करून ठेवलं तर चांगलंच, पण डावात पाठांतरावर विसंबू नका, डोळ्यानं कोपरा बघा. घाईत ए आणि एच ची अदलाबदल होते, आणि काळ्यानं खेळताना तर हमखास होते.

आपल्याकडे एक जास्तीची अडचण आहे. पाराच्या ओट्यावर रंगवलेले पट आणि फ्लेक्सवर छापून आणलेले पट बऱ्याचदा आडवे मांडले जातात. दोन्ही खेळाडूंच्या उजव्या हाताला कोपऱ्याचं घर पांढरं यायला हवं. ते काळं आलं तर पट एका चतकोरानं फिरलेला आहे. अशा पटावर "एच८ काळं" हे पाठांतर उपयोगी पडत नाही. पण उंट आणि कोपरा यांचं नातं तेच राहतं, कारण पट फिरला की दोघांचेही रंग एकदमच पालटतात. पंचांनी मध्येच मांडणी नीट पटावर उतरवायला सांगितली, तरी चुकीचा उंट चुकीचाच राहतो. म्हणून नाव न बघता रंगाशी रंग जुळवायची सवय लावा. ती कुठल्याही पटावर चालते.

पटावर अजून कोणतं प्यादं आहे का

दुसरी तपासणीही फुकटची, पण ती दोन्ही बाजूंनी करायची.

तुमच्याकडे दुसऱ्या पट्टीत अजून एखादं प्यादं असेल, तर हा बिघाड बहुतेक लागत नाही. कोपऱ्यातला राजा एकाच वेळी दोन ठिकाणी पुरा पडत नाही. मात्र दुसरं प्यादं त्याच कडेच्या पट्टीत असेल, एकामागे एक, तर त्याचा काही उपयोग नाही. एच पट्टीत तीन प्यादी उभी केली तरी निकाल बदलत नाही. कारण पुढच्या तपासणीत येईल.

समोरच्याकडे शेजारच्या पट्टीत, म्हणजे जी पट्टीत, प्यादं असेल तर बचाव करणाऱ्यानं सावध व्हायला हवं. ते प्यादं आधार वाटतं, पण तेच किल्ला फोडायचं साधन होऊ शकतं. समजा काळा राजा जी७, काळं प्यादं जी६, पांढरं प्यादं एच५, पांढरा उंट डी३ आणि राजा एफ४. पांढऱ्याची चाल असेल तर एच५ चं प्यादं जी६ वरचं प्यादं मारतं. आता ते कडेचं प्यादं राहिलंच नाही, जी पट्टीतलं झालं. उंटानं ते धरलेलं आहे, म्हणून काळ्या राजाला ते मारता येत नाही, आणि त्याला जी८ वर वजीर व्हायचंय, जे घर पांढरं आहे आणि उंटाच्याच रंगाचं आहे. डाव गेला.

याच मांडणीत चाल काळ्याची असेल तर त्यानं लगेच जी६ चं प्यादं एच५ वर मारून टाकावं. पांढऱ्याकडे नुसता उंट राहतो आणि नुसत्या उंटानं मात होत नाही. एका चालीचा फरक आहे, आणि ती चाल मनाला पटत नाही म्हणून पोरं खेळत नाहीत. आपलं प्यादं कडेला जाऊन पुढे मारलं जाईल, या भीतीनं ते जी६ वरच ठेवतात. जाऊ द्या ते मारलं. पांढऱ्याकडे प्यादं उरणार नाही, एवढंच महत्त्वाचं आहे.

काळा राजा चार घरांत आहे का

ही तपासणी समजली की बाकीचं सगळं आपोआप सुटतं, म्हणून इथे जरा थांबून वाचा.

चार घरं लक्षात ठेवायची: एच८, जी८, जी७ आणि एच७. उंट चुकीच्या रंगाचा असेल आणि काळा राजा या चारपैकी एका घरात, चाल हातात असताना, शहाला उत्तर देण्याच्या स्थितीत उभा असेल, तर डाव बरोबरीचा आहे. पांढरा राजा कुठेही असू द्या, प्यादं कुठेही असू द्या.

का, ते बघा. एच८ हे काळं घर. पांढऱ्या घरांवरचा उंट तिथे मारा करू शकत नाही. एच पट्टीतलं प्यादंही करू शकत नाही, कारण प्यादं तिरकं मारतं आणि एच पट्टीतल्या प्याद्याचा मारा जी पट्टीवर पडतो. मग एच८ धरायला उरतो फक्त पांढरा राजा. त्याला एच८ धरायचं तर जी७, जी८ किंवा एच७ या तीन घरांपैकी एकात यावं लागेल. पण काळा राजा त्या तिघांपैकी एका घरात उभा असेल तर उरलेली दोन घरं त्याला लागूनच आहेत, आणि राजाला समोरच्या राजाशेजारी उभं राहता येत नाही. म्हणजे काळा राजा जी८, जी७ किंवा एच७ वर असताना एच८ ची वाट त्याला नेहमी उघडी असते. आणि एच८ वर पोचल्यावर? तिथून तो याच तीन घरांत जाऊ शकतो, किंवा कुठेच जाऊ शकत नाही. जाऊ शकला तर परत येतो, न जाऊ शकला तर स्टेलमेट. या फेऱ्यातून त्याला बाहेर ओढायचा मार्गच नाही.

हे बोटांनी पटावर करून बघा. काळा राजा जी८ वर ठेवा आणि पांढऱ्या राजानं एच८ धरायचा प्रयत्न करा. दोनच मिनिटांत पटेल, आणि एकदा पटलं की विसरणार नाही. प्यादं एच७ पर्यंत ढकललं तरी तेच. जी७ वरचा राजा एच८ वर जाऊन बसतो, आणि पांढऱ्यानं एच८ वर वजीर केलाच तर तो वजीर सरळ मारला जातो, कारण त्याला मागून धरायला कोणी नसतं. एच पट्टीत तीन प्यादी असून फायदा का नाही, तेही इथेच कळतं: त्यातलं एकही एच८ वर मारा करत नाही.

उंट योग्य रंगाचा असेल तर हे सगळं कोसळतं. काळ्या घरांवरचा उंट लांबूनच एच८ धरतो, काळ्या राजाला कोपरा सोडावा लागतो आणि प्यादं पुढे सरकतं. जी पट्टीतलं प्यादं वेगळं का, त्याचंही उत्तर हेच: ते जी७ वर आलं की एच८ वर मारा करतं. कोपऱ्याचं एक घर धरता येतं की नाही, सगळा निकाल त्यावर.

बचाव करणाऱ्यानं म्हणून एकच पथ्य पाळायचं. चार घरांत पोचलात की बाहेर जाऊ नका. प्यादं मारायच्या ओढीनं किंवा "जरा फिरून येतो" म्हणून एफ८ वर पाऊल टाकलं की दार मागून बंद होतं. कसं, ते पुढे.

राजा बाहेर आहे, दार कोण आधी गाठतं

इथून तपासणी अवघड होते, कारण आता एक-एक चाल मोजावी लागते. काळा राजा चार घरांत नसेल तर उंट चुकीचा असूनही पांढरा जिंकू शकतो. त्यासाठी काळ्याला कोपऱ्यापासून तोडावं लागतं. ही मांडणी बघा:

```
8/5k2/7P/5BK1/8/8/8/8 w - - 0 1
```

पांढरा राजा जी५, उंट एफ५, प्यादं एच६. काळा राजा एफ७. चाल पांढऱ्याची.

हातात घेतलं की जी चाल आपोआप खेळली जाते ती म्हणजे प्यादं एच७. प्यादं वजीर व्हायला एकच घर उरतं, उंटानं ते धरलेलंही आहे, मग का नाही? कारण काळा राजा जी७ वर येतो. आता तो चार घरांत आहे. पुढे काहीही करा, तो एच८ वर बसतो. पांढरा राजा एच६ वर आणला तर स्टेलमेट. जिंकलेला डाव एका प्याद्याच्या घाईनं गेला. यात खरी चूक काय झाली ते नीट बघा: एच६ वर असताना ते प्यादं जी७ धरून होतं. पुढे गेल्यावर जी७ मोकळं झालं आणि काळ्याला दार मिळालं.

योग्य चाल आहे उंट एच७. उंट आपल्याच प्याद्याच्या वाटेत जाऊन उभा राहतो म्हणून ही चाल विचित्र वाटते, पण काम बघा. उंटानं जी८ धरलं, प्याद्यानं जी७ धरलं. काळ्या राजाला कोपऱ्याकडे जायला आता एकही घर नाही. किल्ल्याच्या दाराला अडसर लागला.

पुढे काळा राजा एफ८ वर गेला तर पांढरा राजा एफ६. काळ्याला फक्त ई८ उरतं, मग पांढरा राजा जी७. आता एच८ पांढऱ्या राजानंच धरलेलं आहे. उंट बाजूला करायचा, समजा डी३ वर, मग प्यादं एच७, मग एच८ वर वजीर. काळा राजा एफ८ ऐवजी ई७ किंवा ई६ वर गेला तर पांढरा राजा जी६, काळा एफ८ वर परतला तर एफ६, आणि मग जी७. एका ठिकाणी गोंधळ होतो, तो सांगून ठेवतो: पांढरा राजा एफ६, काळा एफ८ आणि चाल पांढऱ्याची, असं झालं तर घाबरून उंट हलवू नका. उंट हलला की जी८ उघडतं. राजा जी६ वर न्या. काळ्याला एफ८ सोडावंच लागतं, कारण त्याला ई७ किंवा ई८ हीच घरं उरतात, आणि मग तुमचा राजा जी७ वर. उंट एच७ वरून हलवायचा तो राजा जी७ वर बसल्यावरच, त्याआधी नाही.

याच मांडणीत अजून एक जिंकणारी चाल आहे: उंट ई६ वर शह. काळ्यानं उंट मारला तर प्यादं एच७ वर जातं आणि काळा राजा इतका लांब ओढला गेलेला असतो की एच८ वरचा वजीर त्याला थांबवता येत नाही. न मारता तो ई७ वर आला तरी प्यादं एच७, आणि पुढच्या चालीला वजीर. एफ८ वर गेला तर मात्र प्यादं ढकलू नका, राजा जी७ वर येईल. आधी पांढरा राजा जी६ वर आणा. उंट देऊन टाकण्याची ही युक्ती दिसायला देखणी आहे, पण स्पर्धेत एच७ ची अडसराची चालच शिकवावी असं ठामपणे वाटतं. तिच्यात मोजदाद कमी आणि चुकायला जागा कमी.

आता चाल काळ्याची धरा. तो राजा जी८ वर घेतो आणि डाव बरोबरीत. उंट ई६ वर शह, राजा एच८. पांढरा राजा जी६ वर आला की वर दाखवलेलं स्टेलमेटचं चित्र. तीच सोंगटी, तीच घरं, फक्त चाल कोणाची यावर अख्खा अर्धा गुण.

बचाव करणाऱ्याची नेहमीची चूक आता दिसेल. पांढरा राजा जी६, उंट एफ५, प्यादं एच६, काळा राजा जी८. काळ्याला दोन चाली आहेत, एच८ आणि एफ८. एच८ बरोबरी. एफ८ गेला की उंट ई६ वर येतो, दार बंद, राजा ई पट्टीत ढकलला जातो आणि पांढरा राजा जी७ वर. कोपऱ्यात कोंडल्यासारखं वाटतं म्हणून बाहेर पडायची इच्छा होते. पण या शेवटात कोंडलं जाणंच वाचवतं.

मुळात इथवर आलो कसे

सगळ्यात अवघड तपासणी ही, कारण ती दहा-बारा खेळ्या आधी करायची असते, मोहरे बदलायच्या वेळी. बचाव करणाऱ्यानं विचारायचं: माझा शेवटचा मोहरा देऊन समोरच्याकडे फक्त कडेचं प्यादं आणि चुकीचा उंट उरवता येईल का? उदाहरण:

```
8/6k1/5n2/8/5KPP/3B4/8/8 b - - 0 1
```

पांढऱ्याकडे जी४, एच४ ही दोन प्यादी आणि पांढऱ्या घरांवरचा उंट. काळ्याकडे घोडा एफ६, राजा जी७. दोन प्यादी कमी आहेत, डाव हरलेला दिसतो. पण काळा घोडा जी४ चं प्यादं मारतो. पांढरा राजा घोडा मारतो, आणि काळा राजा आधीच चार घरांत उभा आहे. संपलं. घोडा गेल्याचं दुःख नको. इथे घोड्याची किंमत शेजारच्या पट्टीतलं ते प्यादं मारण्यापुरतीच होती.

हल्ला करणाऱ्यानं याच्या उलट वागायचं. उंट चुकीचा आहे हे एकदा दिसलं की शेजारच्या पट्टीतलं प्यादं जिवापाड जपायचं आणि कडेचं प्यादं खुशाल जाऊ द्यायचं. वरच्या मांडणीत पांढऱ्यानं आधीच जी४ ला उंटाचा किंवा राजाचा आधार आहे का एवढंच बघून समाधान मानलं, तर तो फसतो. आधार असूनही घोडा मारतोच, कारण काळ्याला मोबदला नकोच आहे. "प्यादं धरलेलं आहे" हे इथे पुरेसं उत्तर नाही. त्या घरावर घोडा येऊच नये अशी व्यवस्था लागते.

हे फक्त नवशिक्यांचं दुखणं नाही. १९७१ साली व्हँकुव्हरला फिशर आणि तायमानोव यांचा सामना झाला, फिशरनं तो ६-० असा जिंकला. त्यातल्या दुसऱ्या डावात फिशरकडे शेवटी पांढऱ्या घरांवरचा उंट आणि एच पट्टीतलं प्यादं होतं, म्हणजे चुकीचाच उंट, आणि तायमानोवकडे घोडा. ८१ व्या खेळीला तायमानोवनं राजा ई४ वर नेला आणि डाव गमावला. घोडा डी३ वर नेला असता तर पुढे तो एफ४ वर देऊन राजाला एच८ च्या कोपऱ्याकडे पळायला वेळ मिळत होता. ग्रँडमास्टरलाही कोपरा दिसायला उशीर झाला, मग शाळेतल्या पोराला दिसला नाही म्हणून रागावू नका, फक्त मांडणी पुन्हा मांडून दाखवा.

कुठे थांबायचं आणि कोणाला बोलवायचं

हल्ला करणाऱ्यानं: उंट चुकीचा, दुसऱ्या पट्टीत प्यादं नाही, समोरचं जी पट्टीतलं प्यादंही नाही आणि काळा राजा चार घरांत बसलेला, असं चारही झालं की थांबा. बरोबरी मागा. बरोबरी मागायची रीत अशी की आधी आपली चाल करायची, मग विचारायचं, मग घड्याळ दाबायचं. अजून चाळीस खेळ्या ओढल्यानं मात होणार नाही, आणि पुढच्या फेरीला डोकं थकलेलं असेल.

बचाव करणाऱ्यानं: समोरचा ओढतच राहिला तर पंचांना बोलवा, आपसात वाद घालू नका. आपली चाल असताना घड्याळ थांबवून मागणी करायची. तीच मांडणी, त्याच बाजूची चाल असताना तिसऱ्यांदा आली तर बरोबरी मागता येते. दोघांच्या पन्नास-पन्नास खेळ्यांत एकही प्यादं हललं नाही आणि काही मारलं गेलं नाही तरीही मागता येते. प्यादं एक घर सरकलं की ही मोजणी पुन्हा शून्यापासून. रॅपिडमध्ये खेळ्या लिहायची सक्ती नसते, पण पंचांकडे लिहायचा कागद कधीही मागता येतो. असा शेवट दिसला की मागून घ्या आणि लिहायला लागा, म्हणजे मोजणीवरून भांडण होणार नाही. मागणी चुकीची निघाली तर समोरच्याला दोन मिनिटं वाढवून मिळतात, म्हणून अंदाजानं मागू नका.

घड्याळाकडे मात्र डोळे ठेवा. किल्ला कितीही पक्का असला तरी तुमची वेळ संपली तर डाव हरलात, कारण समोरच्याकडे प्यादं आहे आणि नियमाच्या हिशेबात त्यातून मात शक्य धरली जाते. उलट हल्ला करणाऱ्याची वेळ संपली तर बरोबरी, कारण नुसत्या राजानं मात होत नाही. वेळवाढ नसलेल्या स्पर्धेत म्हणूनच एच८-जी८ या चाली विचार न करता, पण शह आहे का ते बघून, पटापट करायच्या.

पारावरच्या डावात पंच नसतो. तिथे स्टेलमेटला काय धरायचं ते खेळ सुरू व्हायच्या आधी बोलून घ्या. इथलं सगळं स्टेलमेट म्हणजे बरोबरी या फिडेच्या नियमावर आहे.

आणि डाव झाल्यावरही वाद मिटला नाही, किंवा राजा बाहेर असताना चाल कोणाची यावर एकमत होत नसेल, तर तासभर मांडत बसू नका. `lichess.org/analysis` वर वरच्यासारखी ओळ चिकटवून पुस्तकाचं चिन्ह दाबलं की टेबलबेस उघडतो. पटावर सात किंवा त्याहून कमी सोंगट्या असतील तर तिथलं उत्तर अंदाज नसतो, शेवटपर्यंत मोजलेलं असतं. इथे तर सहापेक्षा जास्त कुठेच नाहीत. प्रत्येक चालीपुढे जीत, हार किंवा बरोबरी लिहिलेली दिसेल. एफ५ च्या उंटाची मांडणी आधी पांढऱ्याच्या चालीनं टाका, मग ओळीतलं `w` बदलून `b` करा, आणि दोन्ही निकाल शेजारी शेजारी बघा.